पंख्याची पिच, स्लिप आणि कॅव्हिटेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळे-वाशीच्या मच्छीमार बोटींपासून न्हावा-शेव्याला लागणाऱ्या कंटेनर जहाजांपर्यंत सगळ्यांच्या मागे फिरणारा पंखा एकाच तत्त्वावर चालतो. आकार, फेरे आणि खोली तेवढी बदलते. खालची बहुतेक उत्तरं एकाच पंख्यावर बेतलेली आहेत, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. १४ मीटरची बोट, इंजिनाचे मिनिटाला १८०० फेरे, गिअरबॉक्स ३ ला १, म्हणजे शाफ्टचे ६०० फेरे. पंखा तीन पात्यांचा, ३६ बाय २४. लांब वाटेवर बोटीचा वेग ८ नॉट.

३६ बाय २४ म्हणजे नेमकं काय?

पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. व्यास म्हणजे पात्यांची टोकं जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी, इथे ९१४ मिमी. पिच हे थोडं मनात धरायचं माप आहे. पंखा लाकडात फिरणाऱ्या स्क्रूसारखा अजिबात न घसरता फिरला, तर एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते अंतर. आपल्या पंख्याची पिच २४ इंच, म्हणजे ६१० मिमी.

बॉसवर, म्हणजे पाती जिथून निघतात त्या मधल्या गाभ्यावर, कोरलेला हा आकडा पंखा ओतला-घासला त्या दिवसाचा असतो. दहा वर्षं वापरलेल्या, दोनदा ठोकून सरळ केलेल्या पंख्याची पिच तीच राहिली असेल असं धरून चालू नका. ती कशी मोजायची ते पुढे येतं.

पंखा बोटीला ढकलतो की ओढतो?

दोन्ही करतो, पण ओढण्याचा वाटा मोठा असतो. पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. बोटीच्या मागे उभं राहिल्यावर दिसते ती दाबाची बाजू, तिथे पाण्याचा दाब वाढतो. बोटीच्या तळाकडे तोंड असलेली ती सक्शनची बाजू, तिथे दाब उतरतो. दोन बाजूंच्या दाबांतल्या फरकातून जोर निघतो आणि शाफ्टमधून थ्रस्ट बेअरिंगवर येऊन बोटीला लागतो.

हे लक्षात ठेवायचं कारण असं, की कॅव्हिटेशनची, म्हणजे दाब उतरून पाण्याचे वाफेचे बुडबुडे होण्याची, बहुतेक गोष्ट सक्शनच्या बाजूवर घडते आणि ती बाजू स्लिपवेवर मागे उभं राहून दिसतच नाही. अनेकजण मागून बघतात, पातं चकचकीत दिसतं, समाधानाने परत जातात. बोट आणि पंखा यांच्या मधल्या जागेत हात घालून बोटांनी चाचपा, किंवा मोबाईल आत धरून फोटो काढा.

स्लिप कशी काढायची?

स्लिप म्हणजे पंखा पाण्यात घसरल्यामुळे कमी पडलेला वेग, टक्क्यांत. आधी न घसरता पंखा किती धावला असता ते काढा. ०.६१० मीटर गुणिले ६०० फेरे म्हणजे मिनिटाला ३६६ मीटर. एक नॉट म्हणजे तासाला १८५२ मीटर, त्यामुळे हा वेग होतो ११.८५ नॉट. बोट प्रत्यक्षात ८ नॉटने जाते.

```
स्लिप % = (११.८५ − ८) ÷ ११.८५ × १०० = ३२.५
```

जड, गोल बुडाच्या कामाच्या बोटीला ही स्लिप नेहमीची आहे. ती पाहून घाबरण्याचं कारण नाही.

३२ टक्के स्लिप म्हणजे ३२ टक्के डिझेल वाया गेलं का?

नाही. हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे. स्लिप शून्य असेल तर पातं पाण्याला कोनच देणार नाही, पाणी सरळ पात्यावरून निघून जाईल आणि जोर जवळजवळ निघणारच नाही. पतंगाला वाऱ्याशी कोन नसेल तर तो उडत नाही, तसंच. जोर काढण्यासाठी पाणी मागे ढकलावं लागतं, आणि मागे ढकललेलं पाणी म्हणजेच स्लिप. ती फार वाढली तर मात्र नुकसान आहे, कारण तेच इंधन थोडं पाणी जास्त वेगाने भिरकावण्यात जातं.

म्हणून एका दिवसाचा आकडा फारसा बोलत नाही, बोलतो तो त्यातला बदल. तळ घासून रंगवल्यावर लगेच स्लिप काढून वहीत लिहून ठेवा. तेवढेच फेरे, तेवढाच भार असताना तीन-चार महिन्यांनी ३२ ची ४० झाली, तर तळाला किंवा पात्यांना शिंपले आणि शेवाळ धरलं आहे, किंवा पातं दुखावलं आहे.

मोबाईलच्या जीपीएसवर स्लिप रोज वेगळी येते. का?

कारण जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतो आणि पंखा पाण्याच्या हिशोबाने चालतो. ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटीची ओढ सहज जाणवते. समजा ती दीड नॉट आहे. ओढीबरोबर जाताना जीपीएस ९.५ दाखवेल आणि स्लिप २० टक्के येईल. ओढीविरुद्ध तो ६.५ दाखवेल, स्लिप ४५ टक्के. पंखा तोच, बोट तीच.

उपाय सोपा आहे. तेवढ्याच फेऱ्यांवर, एकाच पट्ट्यात, लागोपाठ जाऊन-येऊन दोन्ही वेगांची सरासरी घ्या. इथे ती बरोबर ८ येते. जाणं आणि येणं यांच्या मध्ये चहाला थांबू नका, तोवर ओढ बदललेली असते. खोल पाण्याचा पट्टा निवडा. उथळ पाण्यात तळाखालून पाणी नीट वाहत नाही, बोट मागून बसते आणि स्लिप उगाच मोठी दिसते.

मोठ्या जहाजाच्या नून रिपोर्टमध्ये, म्हणजे रोज दुपारी पाठवायच्या अहवालात, स्लिप ८-१० टक्केच असते. तो पंखा इतका चांगला असतो का?

पंखा चांगला असतोच, पण आकडा फसवा आहे. समजा पिच ४.५ मीटर, फेरे १००. न घसरता वेग १४.६ नॉट, जहाजाचा वेग १३.२. स्लिप साडेनऊ टक्के. पण पंख्याला १३.२ नॉटचं पाणी मिळतच नाही. जहाज आपल्यासोबत थोडं पाणी ओढत नेतं, त्याला वेक म्हणतात. एका पंख्याच्या भरीव जहाजात ते ३० टक्के धरलं, तर पंख्यासमोर येणाऱ्या पाण्याचा वेग ९.२ नॉटच उरतो आणि खरी स्लिप ३७ टक्क्यांच्या आसपास जाते. नून रिपोर्टमध्ये लिहितात ती दिसणारी स्लिप, पात्याला सोसावी लागते ती खरी. मागून प्रवाह असेल तर दिसणारी स्लिप उणेही येते. करावेच्या चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेतून निघालेल्या कॅडेटला पहिल्याच जहाजावर हा प्रश्न पडतो, आणि उत्तर एवढंच आहे.

थंड पाणी उकळतं, हे कसं?

प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० अंशांच्या वर गेल्यावर उकळतं. कॅव्हिटेशन म्हणजे उलटा कुकर. दाब पुरेसा उतरला तर २८ अंशांचं खाडीचं पाणीही उकळतं. त्या तापमानाला हा दाब सुमारे ३.८ किलोपास्कल आहे, आपल्या भोवतालच्या हवेचा दाब १०१.

आता आपला पंखा घ्या. शाफ्ट पाण्याखाली एक मीटर. पातं घड्याळातल्या बाराच्या जागी आलं की त्याचं टोक जेमतेम अर्धा मीटर खोल असतं, तिथे एकूण दाब १०७ किलोपास्कल. म्हणजे उकळण्याआधी हातात उरतात १०३. त्या टोकाचा पाण्यातला वेग सेकंदाला २९ मीटर. त्या वेगाच्या पाण्याचा गतीचा दाब निघतो सुमारे ४३० किलोपास्कल. सक्शनच्या बाजूला याच्या चौथ्या हिश्श्याइतका दाब उतरला, की पाण्याची वाफ होते. पात्यावर जास्त भार असेल किंवा कड ओबडधोबड असेल, तर एवढा उतार सहज येतो.

फेरे ६०० वरून ५०० केले तर गतीचा दाब ३०० वर येतो आणि चौथ्याऐवजी तिसरा हिस्सा उतरेपर्यंत पाणी तग धरतं. थोडे फेरे कमी केल्यावर खडखड एकदम थांबते ती यामुळे.

बुडबुडे मऊ, कांस्य कठीण. मग पातं कसं खातात?

बुडबुडा तयार होताना काही बिघडवत नाही, मिटताना बिघडवतो. पात्यावरून मागे सरकत तो जास्त दाबाच्या जागी येतो आणि आतली वाफ मिलिसेकंदाच्याही अंशात पुन्हा पाणी होते. पोकळी भरायला चहूबाजूंनी पाणी धावतं. पात्याच्या बाजूने धातू आडवा, म्हणून समोरचं पाणी आधी पोचतं आणि बुडबुड्याला आरपार भेदून सुईसारखी धार पात्यावर आदळते. ही धार सेकंदाला १०० मीटरची धरली, तरी त्या सूक्ष्म ठिपक्यावर क्षणभर हवेच्या दाबाच्या सुमारे दीड हजार पट दाब येतो.

एका ठोक्याने काही होत नाही. पण ठोके त्याच पट्ट्यात, अखंड पडतात. आधी पृष्ठभाग खरबरीत होतो, संत्र्याच्या सालीसारखा. मग थकलेल्या धातूचे कण सुटतात. खड्डा पडला की तोच नवे बुडबुडे जन्माला घालतो आणि पुढची झीज वेगाने होते. शेवटी पातं स्पंजासारखं दिसतं. खड्डे बुडबुडे तयार होतात तिथे नव्हे, तर मिटतात तिथे पडतात. त्यामुळे पुढची कड शाबूत आणि खड्डे तिच्यामागे, टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात, असं बरेचदा दिसतं. दोष मात्र त्या शाबूत वाटणाऱ्या कडेत असतो. दोरखंडाने पडलेली दोन मिलिमीटरची खाच पुरते.

खड्डे कॅव्हिटेशनचे की गंजाचे, कसं ओळखायचं?

कॅव्हिटेशनचे खड्डे एका ठरावीक पट्ट्यात, कडा तीक्ष्ण, आतून चमकदार आणि बहुधा सक्शनच्या बाजूला. बाकीचं पातं चांगलं असतं. झिंक अॅनोड संपल्यामुळे झालेली झीज पसरलेली असते, दोन्ही बाजूंना दिसते. मँगनीज ब्राँझच्या पंख्यात जस्त निघून गेलेला भाग गुलाबी-तांबूस होतो आणि पेचकसाने खरवडला तर भुगा पडतो. गाळ-वाळूची झीज तिसऱ्या प्रकारची, गुळगुळीत आणि कड पातळ करणारी. खाडीत चालणाऱ्या बोटींना ती असतेच.

बोट हलकी असताना इंजिन एकदम पळतं, वेग वाढत नाही. हेही कॅव्हिटेशनच ना?

बहुतेक वेळा नाही. पंखा वर आल्यामुळे तो पृष्ठभागावरची हवा ओढतो. हवा मिटताना वाफेसारखी आदळत नाही, उशीसारखी दबते, म्हणून खड्डे पडत नाहीत. मागे भार सरकवून पंखा खोल घ्या.

थरथर कॅव्हिटेशनमुळे कशी होते?

वेक सगळीकडे सारखा नसतो. पंख्याच्या वरच्या भागात, तळाच्या आडोशाला, पाणी सगळ्यात सुस्त असतं. तिथे आलेल्या पात्याला पाणी जास्त कोनात मिळतं, भार वाढतो, शिवाय खोलीही तिथेच सगळ्यात कमी. म्हणून पातं बाराच्या जागी आलं की वाफेचा पापुद्रा फुगतो आणि पुढे सरकलं की मिटतो. हा फुगा प्रत्येक पात्यामागे एकदा फुगतो-मिटतो आणि वरच्या फळ्यांना धक्का देतो. तीन पाती, सेकंदाला १० फेरे, म्हणजे सेकंदाला ३० धक्के.

कॅव्हिटेशन नसतानाही पातं जवळून गेलं की तळाला दाबाची झुळूक लागते, पण तळाच्या वेगवेगळ्या जागी ती वेगवेगळ्या क्षणी पोचते आणि बरीचशी एकमेकींना मारते. वाफेच्या फुग्याचे धक्के मागच्या सगळ्या भागावर जवळजवळ एकाच वेळी बसतात. म्हणून आकड्यात छोटे असले तरी डेक हलवतात.

पात्याचं टोक आणि तळ यांत व्यासाच्या किमान १० टक्के, जमलं तर १५ टक्के अंतर ठेवतात. आपल्या पंख्याला ९० ते १३५ मिमी. जागा नसताना ३६ ऐवजी ३८ इंची पंखा बसवला की हे अंतर दोन्हीकडून मिळून नव्हे, वरच्या बाजूलाच एक इंचाने घटतं आणि थरथर लगेच जाणवते.

थरथर नेमकी कशाची, ते घरच्या घरी कळेल का?

बऱ्यापैकी कळतं. मोबाईलमध्ये कंपन मोजणारं अॅप घ्या, मोबाईल शाफ्टवरच्या डेकला घट्ट टेकवा आणि ६०० फेऱ्यांवर शिखर कुठे येतं बघा. १० हर्ट्झला असेल तर एका फेऱ्याला एकदा बसणारा धक्का आहे: वाकलेला शाफ्ट, तोल गेलेला पंखा किंवा एक वेगळं पातं. ३० ला असेल तर सगळ्या पात्यांचा सारखा धक्का आहे: टोकाचं अंतर कमी किंवा कॅव्हिटेशन.

मग फेरे हळूहळू वाढवा. तोल गेलेल्या पंख्याची थरथर कमी फेऱ्यांपासून सुरू होते आणि वाढत जाते. कॅव्हिटेशन एका ठरावीक फेऱ्यानंतर अचानक येतं आणि सोबत स्टर्नच्या आत पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज असतो. कपलिंगची अलाइनमेंट तपासायची तर बोट पाण्यात असताना. जमिनीवर टेकलेल्या बोटीचा आकार थोडा बदललेला असतो, तिथली मापं पाण्यात उतरल्यावर खोटी ठरतात.

बॅलन्सिंग करून आणलं, तरी थरथर तशीच. असं का?

इथेच पिच मोजायची गरज पडते. स्टॅटिक बॅलन्सिंगमध्ये फक्त वजन बघतात. तिन्ही पाती वजनाने सारखी आणि पिचने वेगळी असू शकतात. मग पाण्याबाहेर पंखा सुरीच्या धारेवर स्थिर राहतो आणि पाण्यात एक पातं इतरांपेक्षा जास्त जोर काढतं.

पंखा सपाट टेबलावर, दाबाची बाजू वर, बॉस अगदी उभा राहील असा ठेवा. केंद्रापासून ३२० मिमीवर, म्हणजे त्रिज्येच्या ७० टक्क्यांवर, प्रत्येक पात्यावर कंस आखा. त्यावर ४० अंशांच्या फरकाने दोन खुणा करा. प्रत्येक खूण टेबलापासून किती उंच आहे ते मोजा. उंचीतला फरक गुणिले ९, कारण ३६० भागिले ४० म्हणजे ९. ती झाली पिच.

समजा फरक आले ६८, ६७ आणि ७३ मिमी. पिच झाली ६१२, ६०३ आणि ६५७. पहिली दोन पाती ६१० च्या आसपास, तिसरं जवळजवळ ८ टक्के जास्त. अशा पात्याची मागची कड बहुधा दाबाच्या बाजूला वळलेली सापडते. ओहोटीला उथळात रुतलेल्या खांबाला किंवा ओंडक्याला लागून ती वळते आणि नजरेला दिसतही नाही. हे पातं प्रत्येक फेऱ्यात एकदा जास्त ढकलतं, म्हणून शिखर १० हर्ट्झला. जास्त भारामुळे कॅव्हिटेशनही त्याच एका पात्यावर, खड्डेही तिथेच. खड्डे एकाच पात्यावर असतील तर बॅलन्सिंगच्या आधी पिच मोजा.

खड्डे इपॉक्सीने भरले तर?

ठोके मारणाऱ्या पाण्यासमोर इपॉक्सी फार काळ टिकत नाही, आणि अर्धवट सुटलेला तुकडा आणखी कॅव्हिटेशन करतो. उथळ खड्डे घासून गुळगुळीत करणं बरं. खोल असतील तर खराब धातू पूर्ण काढून, पंख्याच्याच जातीच्या रॉडने वेल्डिंग. निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझला ते तुलनेने सोपं जातं. मँगनीज ब्राँझला वेल्डिंगनंतर ताण उतरवण्यासाठी ठरलेल्या तापमानाला तापवून सावकाश थंड करावं लागतं. ते टाळलं तर काही आठवड्यांनी वेल्डच्या शेजारी चीर जाते. त्यानंतर डाय लावून चिरा तपासा, पिच पुन्हा मोजा, बॅलन्सिंग सगळ्यात शेवटी.

खड्डा बुजवताना पुढची कड मूळ आकाराची झाली नाही, तर पुढच्या हंगामात खड्डे त्याच जागी येतात.

वेग हवा म्हणून २४ च्या जागी २६ पिचचा पंखा लावला. चालेल?

पूर्ण भार घेऊन, पूर्ण थ्रॉटलवर फेरे बघा. १८०० चं इंजिन १८०० ला पोचलं तर ठीक. १६५० वर अडकलं आणि काळा धूर सोडू लागलं, तर पंखा इंजिनाला जड आहे. प्रत्येक पात्यावरचा भार वाढलेला असतो, त्यामुळे खडखडही आधीपेक्षा कमी फेऱ्यांवर सुरू होते. रिकाम्या बोटीवर केलेली चाचणी इथे उपयोगाची नाही. बर्फ, डिझेल, जाळी, माणसं भरून करा.